बढती तीच, मग रात्रीतून ती लहान का झाली?

*ताई, मी ३७ वर्षांची आहे. ऐरोलीत राहते, तुर्भ्याला एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. घरी नवरा, सातवीतला मुलगा आणि सासूबाई. एप्रिलमध्ये मला बढती मिळाली, सीनियर अकाउंटंट झाले. येताना पेढे आणले, सासूबाईंनी देवापुढे ठेवले, मुलाने घरभर उड्या मारल्या. रात्री ओटा आवरून फोन घेऊन पडले. ठाण्याच्या कॉलेजमधली माझी मैत्रीण एका बँकेत व्हाइस प्रेसिडेंट झाली होती. घोडबंदर रोडच्या नव्या घराच्या बाल्कनीतला फोटो टाकला होता. पंधरा मिनिटांत माझी बढती मला पोरखेळ वाटायला लागली. तेव्हापासून असंच चाललंय. आमचं वन बीएचके दोन वर्षांपूर्वी मला छान वाटायचं, आता कुणाला घरी बोलवायची लाज वाटते. कुणाचा युरोप, कुणाच्या मुलाचं ऑलिम्पियाडचं पदक, कुणाचं दहा किलो कमी झालेलं वजन. ती मैत्रीण वाईट नाही हो. माझ्या बाळंतपणात रोज डबा घेऊन यायची. मग मला तिचा मत्सर वाटतोय का? फोनच बंद करून टाकू का?*

*— ऐरोलीची एक वाचक*

प्रिय मैत्रीण,

आधी मत्सराबद्दल बोलते, कारण पत्रात सगळ्यात जास्त तेच बोचतंय असं जाणवलं. आपल्या भाषेत हेवा आणि मत्सर असे दोन शब्द आहेत आणि आपण ते नकळत वेगळे वापरतो. "तुझा हेवा वाटतो गं," असं मैत्रिणीला मिठी मारता मारता सांगता येतं. "तुझा मत्सर वाटतो," असं कुणी कुणाला तोंडावर सांगत नाही. हेव्यात तिच्याकडे आहे ते मलाही मिळावं असं वाटतं. मत्सरात तिच्याकडचं जावं असं वाटतं. डच भाषेतही या दोन भावनांना दोन शब्द आहेत. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००९ साली हा फरक तपासला, तेव्हा असंच दिसलं की एका भावनेत माणसाला स्वतः वर जावंसं वाटतं आणि दुसरीत समोरच्याला खाली ओढावंसं वाटतं. उद्या कळलं की तिची नोकरी गेली, तर तुम्हाला बरं वाटेल का? डब्याची आठवण तुम्ही ज्या मायेने लिहिली आहे, त्यावरून मला तरी तसं वाटत नाही. तुम्हाला तिचं काही नको आहे. संध्याकाळी घरी आणलेली तुमची बढती रात्री कुठेतरी हरवली, ती तुम्हाला परत हवी आहे.

ती कशी हरवली, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. १९७० साली स्टॅन मोर्स आणि केनेथ गर्गेन या दोघांनी अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात एक साधा प्रयोग केला. अर्धवेळ नोकरीसाठी अर्ज करायला आलेल्या मुलांना एकेकट्याने एका खोलीत बसवून फॉर्म भरायला दिले. त्यातले काही प्रश्न स्वतःबद्दल आपल्याला काय वाटतं, याचे होते. थोडे प्रश्न झाले की खोलीत दुसरा एक उमेदवार यायचा. तो खरा उमेदवार नव्हता, प्रयोगातलाच माणूस होता. काही वेळा तो गडद सूट घालून, भांग पाडून, हातात ब्रीफकेस घेऊन यायचा आणि त्यातून टोक केलेल्या पेन्सिली आणि तत्त्वज्ञानाचं पुस्तक बाहेर काढायचा. काही वेळा तो अगदी गबाळा यायचा, मळका शर्ट, फाटकी पँट, पायात मोजे नाहीत. तो समोर बसायचा, एवढंच. मग पहिल्या मुलाने फॉर्मचे उरलेले प्रश्न सोडवायचे, त्यातही पुन्हा स्वतःबद्दलचे प्रश्न होते.

टापटीप माणसासमोर बसलेल्या मुलांचं स्वतःबद्दलचं मत सरासरीने खाली आलं, आणि गबाळ्या माणसासमोर बसलेल्यांचं वर गेलं. त्या काही मिनिटांत त्या मुलांचे गुण, त्यांची हुशारी, त्यांचे कपडे, काहीच बदललेलं नव्हतं. कुणी त्यांना काही बोललंही नव्हतं. तुमच्या बाबतीतही तेच झालं. संध्याकाळी तुमची बढती मोजली गेली ती मार्चमधल्या तुमच्या कामाशी. रात्री तीच बढती मोजली गेली मैत्रिणीच्या पदाशी. मधल्या वेळात मोजपट्टी बदलली आणि तुम्हाला वाटलं, वस्तूच लहान झाली. घराचंही तसंच. घर तेवढंच आहे, खिडक्या तेवढ्याच आहेत.

आता, तुम्ही रोज फोनवर नट्यांचे बंगलेही बघत असणार. ते बघून तुम्हाला वन बीएचकेची लाज वाटत नाही. मग या मैत्रिणीच्या बाल्कनीनेच का वाटली? लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली तुलनेबद्दलचा जो सिद्धांत मांडला, त्यात याचं उत्तर आहे. माणसाला आपण कसे आहोत हे जाणून घ्यायची ओढ असते. वजनासाठी काटा आहे, तापासाठी थर्मामीटर आहे. पण "माझं बरं चाललंय का?" हे मोजायला काटा नाही. तिथे माणूस दुसऱ्या माणसांकडे बघतो, आणि तेही आपल्यासारख्याच माणसांकडे. नटीचं घर तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही. पण एकाच बाकावर बसून, एकच बस पकडून, एकाच वर्षी पदवी घेतलेल्या मुलीचं घर सांगतं, निदान मनाला तसं वाटतं. अब्राहम टेसर यांनी पुढे यात एक भर घातली. समोरची व्यक्ती जितकी जवळची आणि विषय जितका आपल्या स्वतःच्या ओळखीला भिडणारा, तितकं तिचं यश जास्त टोचतं. तुमची मैत्रीण उत्तम गात असती, तर तुम्ही गडकरी रंगायतनमध्ये पहिल्या रांगेत बसून सगळ्यांना सांगितलं असतं की ही माझी मैत्रीण. तिचं यश नेमकं आकड्यांच्या, नोकरीच्या क्षेत्रात आलं आणि तुमची ओळखही त्याच क्षेत्रातली आहे. म्हणून ते लागलं. हे लागणं जवळिकीतूनच येतं, एवढं मनाशी ठेवा, म्हणजे स्वतःला दोष देणं थोडं कमी होईल.

तुलना काही फोनने शोधून काढलेली नाही. चाळीतही शेजारणीचा नवा फ्रिज आला की घराघरात कुजबुज व्हायची. पण चाळीत फ्रिजच्या सोबत बाकीचंही दिसायचं. तिच्या नवऱ्याचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू यायचा, तिचं पोर गणितात नापास झालेलं सगळ्यांना माहीत असायचं, हप्ता थकला की वसुलीवाला जिन्यात सगळ्यांच्या समोरून जायचा. माणूस आख्खं दिसायचं. फोनवर फक्त फ्रिज दिसतो. अमेरिकेतल्या यूटा राज्यात ४२५ विद्यार्थ्यांची एक पाहणी झाली होती, २०१२ साली ती प्रसिद्ध झाली. फेसबुकवर जास्त वेळ असणाऱ्यांना इतर लोक आपल्यापेक्षा सुखी आहेत असं जास्त वाटत होतं. आणि ज्यांच्या यादीत प्रत्यक्ष ओळख नसलेली माणसं जास्त होती, त्यांना इतरांचं आयुष्य आपल्यापेक्षा चांगलं आहे असं जास्त वाटत होतं. मला यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. ज्याला आपण ओळखतो, त्याच्या फोटोच्या मागचं आपल्याला थोडंफार ठाऊक असतं. ज्याला ओळखत नाही, त्याचा फोटो हेच त्याचं सगळं आयुष्य होऊन बसतं.

आता तुम्ही आकड्यांतल्या आहात, तर एक हिशेब करू. समजा तुमच्या यादीत २४० माणसं आहेत आणि त्यातलं प्रत्येक कुटुंब चार वर्षांतून एकदाच मोठ्या सहलीला जातं. चार वर्षांतून एकदा म्हणजे काही फार नाही, तुमचंही कदाचित तेवढंच होत असेल. २४० भागिले ४ म्हणजे वर्षाला ६० सहली. आठवड्याला एकीपेक्षा जास्त. प्रत्येक जण पाच दिवस फोटो टाकतो असं धरलं, तर वर्षाला ३०० दिवसांचे सहलीचे फोटो झाले. मे महिन्यात आणि दिवाळीत ते एकावर एक येतील, मध्येच काही दिवस कोरडे जातील, पण तुम्ही फोन उघडाल त्या बहुतेक दिवशी कुणी ना कुणी विमानाच्या खिडकीत बसलेलं असेल. मन काय म्हणतं? "सगळे सारखे फिरतायत, आम्हीच घरी." प्रत्यक्षात कुणीच सारखं फिरत नाहीये. २४० जणांचं कॅलेंडर एकावर एक ठेवून तुम्ही ते एका माणसाचं असल्यासारखं वाचताय.

आणि इथे अजून एक गोष्ट होते, ती मला सगळ्यात घातक वाटते. तुमच्या पत्रातली ती ओळ पुन्हा वाचा, युरोप, पदक, दहा किलो. ही तीन वेगळ्या घरांतली तीन माणसं आहेत. युरोपला गेलेलीचं वजन कमी झालेलं नाही, पदकवाल्या मुलाची आई कदाचित सात वर्षांत महाबळेश्वरच्या पुढे गेलेली नाही. पण रात्री अंथरुणावर तुम्ही त्यांना वेगवेगळं धरत नाही. घर हिचं, नोकरी तिची, मूल तिसरीचं, कंबर चौथीची, असं जोडून मनात एक बाई तयार होते. ती बाई नवी मुंबईत कुठल्याच सेक्टरमध्ये राहत नाही. तुमची मैत्रीणसुद्धा रोज रात्री त्याच बाईकडून हरत असेल. तिच्याशी केलेल्या तुलनेत प्रत्येक रकान्यात तुमच्यासमोर त्या रकान्यातली सर्वात वरची व्यक्ती उभी असते. असा हिशेब तुमच्या ऑफिसात कुणी मांडला, प्रत्येक ओळीला वेगळ्या कंपनीचा सगळ्यात चांगला आकडा घेऊन एक ताळेबंद बनवला आणि म्हणाला, ही बघा आपली स्पर्धक कंपनी, तर तुम्ही त्याला तो कागद परत कराल.

हे नुसतं सांगून पटत नाही, स्वतःच्या अक्षरात दिसावं लागतं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या नेरुळच्या एका बाईंना मी एक काम दिलं होतं. त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने सांगते. रात्री वीस मिनिटं नेहमीसारखंच स्क्रोल करायचं, पण मांडीवर वही घ्यायची. प्रत्येक पोस्टला तीन गोष्टी लिहायच्या: कोण, काय, आणि मनात काही टोचलं तर कुठल्या बाबतीत. तिसऱ्या रकान्यात एकच शब्द. घर, पैसा, मूल, रूप, नवरा, असा.

पहिल्या रात्री त्यांच्या वहीत ५२ नोंदी झाल्या. त्यातल्या १९ जाहिराती आणि अनोळखी लोकांच्या रील्स होत्या. उरल्या ३३. त्या ३३ फक्त ११ माणसांच्या होत्या. आणि त्यातल्याही २१ फक्त चौघांच्या. त्या बाईंच्या यादीत तीनशेच्या आसपास माणसं आहेत. त्या माझ्याकडे वही घेऊन आल्या तेव्हा त्या पानावर बोट ठेवून बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मला वाटत होतं सगळं जग पुढे गेलं. ही तर चार माणसं आहेत." उरलेल्या तीनशेपैकी बहुतेकांनी त्या दिवशी काहीच टाकलं नव्हतं. डोंबिवलीची गाडी पकडली, मुलाचा अभ्यास घेतला, डाळ करपली, झोपले. या दिवसांचे फोटो कुणी काढत नाही, म्हणून ते मोजणीतच येत नाहीत.

चौघंच का वर आली, यालाही कारण आहे. ही ॲप्स पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवत नाहीत. तुम्ही कशावर थांबता, किती वेळ थांबता, कुणाच्या पानावर पुन्हा जाता, यावरून पुढचं काय दाखवायचं ते ठरतं. दुखऱ्या जागी माणूस थांबतो. मैत्रिणीच्या बाल्कनीच्या फोटोवर तुम्ही थांबलात, तो मोठा करून पाहिलात, मागचे पडदे पाहिलेत, कदाचित त्या टॉवरमधल्या घरांचे भावही शोधलेत. ॲपला तुमच्या पोटातला गोळा दिसत नाही, त्याला थांबणं दिसतं. ते त्याला आवड समजतं आणि दुसऱ्या दिवशी तेच पुढ्यात वाढतं.

त्याच बाईंना मी दुसरं एक काम दिलं होतं, तेही तुम्ही करा. स्वतःचं पान उघडा आणि अनोळखी बाईसारखं वर-खाली करून बघा. त्यांच्या पानावर गुढीपाडव्याचा एक फोटो होता. रेशमी साडी, गॅलरीत गुढी, शेजारी हसरा मुलगा. फार सुरेख फोटो. मी विचारलं, हा कितवा काढलेला? त्यांनी गॅलरी उघडून मोजले, तेवीस होते. आधी वाळत घातलेल्या कपड्यांचा स्टँड आत नेला होता, बादली पायाने सरकवली होती, आणि मुलगा हसत नव्हता म्हणून त्याला ओरडा बसला होता, सतराव्या फोटोत त्याचे डोळे ओले दिसतात. चोविसावा काढायला गेल्या तेव्हा नवरा कंटाळून आत निघून गेला होता. त्या फोटोत खोटं काहीच नाही. गुढी खरी, साडी खरी, अखेरचं हसूही खरं. पण स्वतःच्या त्या एका फोटोमागचे बावीस आपल्याला माहीत असतात आणि दुसऱ्याच्या फोटोमागचे माहीत नसतात. आपण स्वतःचा कच्चा हिशेब दुसऱ्याच्या ऑडिट झालेल्या हिशेबाशी ताडून बघतो.

इथे एक सावधगिरी सांगते, कारण हे वाचून बरेच जण चुकीच्या वाटेला लागतात. "म्हणजे तीसुद्धा दुःखीच असणार, कर्जात बुडालेली असणार, नवऱ्याशी पटत नसणार," असं शोधायला जाऊ नका. आपल्यापेक्षा खाली कोण आहे ते बघून माणसाला तात्पुरतं बरं वाटतं, यावर थॉमस विल्स यांनी १९८१ साली लिहून ठेवलं आहे, आणि ते होतंही. पण मला तो उपाय मान्य नाही. एक तर त्यात मैत्रीण तुमच्या मनातून उतरते, आणि डबा आणणारी मैत्रीण परत मिळत नाही. दुसरं, मोजपट्टी अजून तिच्याच हातात राहते. ती खरंच सुखी असेल. असू दे. तिच्या सुखाने तुमच्या बढतीतून एक रुपयाही वजा होत नाही.

वर बघणं नेहमीच वाईट असतंही नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात पेनेलोपी लॉकवुड आणि झिवा कुंदा यांनी एक अभ्यास केला, १९९७ साली तो छापून आला. गंमत म्हणजे त्यातली मुलं अकाउंटिंगचीच होती. पहिल्या आणि चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना, चौथ्या वर्षाच्याच एका अतिशय हुशार, बक्षिसं मिळवलेल्या अकाउंटिंगच्या विद्यार्थ्याबद्दलचा लेख वाचायला दिला. पहिल्या वर्षाच्या मुलांना स्वतःबद्दल अधिक चांगलं वाटू लागलं, कारण त्यांच्यापुढे अजून तीन वर्षं होती, तेही तिथवर पोचू शकत होते. चौथ्या वर्षाच्या मुलांना तशी उभारी आली नाही. त्यांच्यासाठी वेळ संपला होता, आणि आपली त्याच्याशी तुलना करणंच बरोबर नाही असं ते म्हणू लागले. माणूस तोच, यश तेच. फरक होता तो पुढे वाट दिसते की नाही, एवढाच.

म्हणून मैत्रिणीच्या यशाकडे बघताना स्वतःला हे विचारा: यातलं मला खरंच काही हवंय का, आणि त्याची वाट मला दिसते का? व्हाइस प्रेसिडेंटचं पद तुम्हाला हवं आहे की नाही, हे तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेलं नाही. कदाचित ते तुम्हाला नकोच असेल, रात्री नऊपर्यंतच्या बैठका नको असतील. बँकेतली ही पदनामं तुमच्या कंपनीतल्या पदांशी जुळतातच असंही नाही, पुष्कळ खासगी बँकांत व्हाइस प्रेसिडेंट बरेच जण असतात. पण समजा तिच्यासारखं मोठ्या कंपनीत जायचं आहे. तर मग तो हेवा कामाला लागू शकतो. सीएमए करायचं राहून गेलंय का? एसएपी शिकायचं आहे का? तेव्हा ती मैत्रीण फोनवरच्या फोटोपेक्षा पलीकडे बसलेली माणूस म्हणून जास्त उपयोगी आहे, कारण तिला वाटेतले खड्डे ठाऊक आहेत. आणि जे हवंही नाही आणि जिथे वाटही नाही, तिथे थांबून पडदे बघण्यात तुमची रात्र जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता मोजपट्टी परत आपल्या हातात कशी घ्यायची? फेस्टिंगर यांचंच बोलणं इथे कामी येतं. जिथे मोजायला दुसरं काही साधन असतं, तिथे माणसाला शेजाऱ्याकडे बघायची गरज कमी पडते. तुम्ही रोज दुसऱ्याचे ओपनिंग आणि क्लोजिंग बॅलन्स जुळवता. स्वतःचा एक जुळवा. एका पानावर २०२० सालची तुम्ही, दुसऱ्या पानावर आजच्या तुम्ही. "मी खूप पुढे आले" असली वाक्यं नकोत, ती दुसऱ्या दिवशी पोकळ वाटतात. मोजता येईल असंच लिहा. घरकर्जाची मुद्दल तेव्हा किती होती, आज किती उरली. तेव्हा जीएसटीचं रिटर्न भरताना साहेबांना किती वेळा विचारायला जावं लागायचं, आज तुम्ही एकट्या किती कंपन्यांचं भरता. तेव्हा ऑडिटरसमोर कोण बसायचं, आज कोण बसतं. मुलगा तेव्हा किती वेळा आजारी पडायचा, आता किती. ज्या ओळीत घट असेल तीही प्रामाणिकपणे लिहा, झोप कमी झाली असेल, गुडघे दुखत असतील. ज्याच्यात घट दाखवलेली नाही, त्या हिशेबावर तुमचा स्वतःचाही विश्वास बसणार नाही.

आणि फोन? बंद करू का, या तुमच्या प्रश्नावर माझं मत थोडं मधलं आहे. २०१८ साली अमेरिकेतल्या निवडणुकांच्या आधी संशोधकांनी काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला सांगितलं होतं. त्यांचा दिवसाला सरासरी तासभर मोकळा झाला आणि समाधान वाढलं, पण थोडंसंच. म्हणजे उपाय खरा आहे, पण तो एकटा पुरेसा नाही. फोन पूर्ण बंद केलात तर सोसायटीचा ग्रुप, शाळेचे निरोप, भावाच्या मुलीचे फोटो हेही जातील आणि चार दिवसांनी तुम्ही परत चालू कराल. त्यापेक्षा सात रात्री ती वही लिहा. आठव्या दिवशी तिसऱ्या रकान्यात ज्यांच्या नावापुढे वारंवार टोचल्याची नोंद आहे अशी तीन-चार नावं सापडतील. त्यांना म्यूट करा. त्यांना ते कळत नाही, मैत्री तुटत नाही, फक्त त्यांच्या पोस्ट रात्री तुमच्या उशाशी येत नाहीत.

एक गोष्ट मात्र पक्की पाळा. तुमच्या घरात काही चांगलं घडलं त्या रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. नवी गोष्ट ओल्या गिलाव्यासारखी असते, अजून घट्ट बसलेली नसते, आणि त्याच रात्री तिच्यावर दुसरी मोजपट्टी ठेवली की ठसा उमटतो. त्या रात्री ती गोष्ट माणसांना सांगा. तुम्ही सासूबाईंना पेढा दिलात, पण सीनियर अकाउंटंट म्हणजे उद्यापासून नेमकं काय वेगळं करणार, हे त्यांना समजावून सांगितलंत का? नवऱ्याला? मुलगा उड्या मारत होता तेव्हा त्याला काय कळलं होतं? समजावून सांगताना आपलं काम आपल्यालाच त्याच्या खऱ्या आकारात दिसतं.

मैत्रिणीला मात्र म्यूट करून विसरू नका. तिला फोन करा, मेसेज नको. "अभिनंदन" एवढंच म्हणून ठेवूही नका. तिला विचारा, सोमवारी सकाळी किती वाजता उठतेस, घोडबंदरहून निघायला किती वाजतात, पोरगी काय म्हणते, आई कशी आहे. आणि तिने तुम्हाला विचारलं तर "आमचं काय, चाललंय," असं म्हणून टाळू नका. तिला अजून तुमच्या बढतीची बातमी मिळालेली नाही, असं मला पत्रावरून वाटतंय. डबा घेऊन येणाऱ्या बाईला ती तुमच्या तोंडून कळायला हवी.

एवढं करूनही महिनाभरात काही फरक पडला नाही, किंवा फोन दूर असतानाही दिवसभर मन खिन्न राहतंय, झोप उडाली आहे, जेवण जात नाही, आवडीच्या कामातही रस उरला नाही, असं दोन आठवडे सलग होत असेल, तर हे तुलनेच्या पलीकडचं आहे. तेव्हा वही बाजूला ठेवून सरळ मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, तिथे मराठीतही बोलता येतं.

सात रात्री झाल्या की मला परत लिहा. नोंदी किती झाल्या ते नको, त्या नोंदी किती माणसांच्या होत्या तेवढं कळवा. आणि मैत्रीण फोनवर काय म्हणाली तेही.

तुमची,
ताई